पणतीच्या उजेडातले चट्टे: स्वच्छ रंगांची जिफ कशी करायची

दिवाळीत कोनाड्यात ठेवलेल्या पणतीचा मी फोनवर एक लहानसा व्हिडिओ घेतला होता. फोन आडवा करून स्टुलावर टेकवलेला, त्यामुळे चौकट अजिबात हललेली नाही. ज्योत डुलते, मागच्या भिंतीवरचा तांबूस उजेड तिच्याबरोबर जरासा कमी-जास्त होतो आणि कडेकडेला तो अंधारात विरघळत जातो. एवढंच दृश्य. मला त्याची न थांबता फिरत राहणारी जिफ हवी होती. पहिल्या प्रयत्नात जी तयार झाली तिच्यात भिंतीवर उजेड उरलाच नव्हता. मध्ये मातकट ठिगळ, त्याभोवती हिरवट कडं, त्याच्या बाहेर एकदम काळं, आणि ज्योत पिवळ्या घोटीव कागदातून कापून चिकटवल्यासारखी.

ही पणती घेऊनच पुढचं सगळं सांगतो, कारण जिफला अवघड जाणाऱ्या दोन्ही गोष्टी तिच्यात आहेत: रंगांचा लांब, हळुवार उतार आणि सतत हलणारी छोटीशी चमकदार जागा.

जिफ हा प्रकार १९८७ सालचा आहे. तेव्हाच्या पडद्यांना आणि मोडेमना झेपेल अशा बेताने तो आखला गेला. त्यात प्रत्येक पिक्सेलजवळ रंग नसतो, नुसता क्रमांक असतो. तो क्रमांक कोणत्या रंगाचा, हे एका तक्त्यात लिहिलेलं असतं. त्या तक्त्याला पॅलेट म्हणतात आणि त्यात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. फोनच्या साध्या व्हिडिओत लाल, हिरवा आणि निळा या तिघांच्या प्रत्येकी २५६ छटा धरल्या तर सुमारे १ कोटी ६८ लाख रंग शक्य असतात. तेव्हा जिफ करताना खरे प्रश्न दोनच उरतात. कोणते २५६ रंग घ्यायचे? आणि जो रंग त्यांत नाही तो कसा भासवायचा? पहिल्याचं उत्तर पॅलेट, दुसऱ्याचं डिदरिंग. चट्टे पडतात ते बहुतेक वेळा पहिला प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो म्हणून.

माझ्या भिंतीचं काय झालं ते आकड्यांत बघू. मी हे काम `ffmpeg` या मोफत प्रोग्रॅमने करतो. त्याला पॅलेटबद्दल काहीच न सांगता व्हिडिओची जिफ करायला लावलं, तर तो सगळ्या चित्रांना चालेल असा एक ठरावीक तक्ता वापरतो. त्यात लालच्या ८ पायऱ्या, हिरव्याच्या ८ आणि निळ्याच्या ४ असतात. आठ गुणिले आठ गुणिले चार म्हणजे बरोबर २५६. लाल आणि हिरवा ३६-३६च्या उड्या मारत जातात, निळा ८५च्या. आता माझ्या भिंतीवर लाल रंग अंधाऱ्या कडेला २०च्या आसपास होता आणि ज्योतीजवळ १२०पर्यंत चढत होता. एवढ्या लांब उताराला त्या तक्त्यात पायऱ्या मिळतात चारच: ०, ३६, ७२ आणि १०८. निळा रंग सगळीकडे ४०च्या खाली होता, म्हणजे त्याला ०शिवाय जवळची पायरीच नाही. आणि जिथे लाल ३६वर आला आणि हिरवाही ३६वर आला, तिथे तपकिरीची ऑलिव्हसारखी हिरवट छटा झाली. ते हिरवट कडं आलं ते असं. दुसरीकडे, त्याच तक्त्यात जांभळे, निळे, गुलाबी, पोपटी असे रंग ओळीने बसले होते आणि पणतीच्या चित्रात त्यांतल्या बहुतेकांना एकही पिक्सेल नव्हता.

म्हणजे २५६ रंग कमी पडले असं नाही. पणतीला कामाचे त्यातले मोजकेच होते. सगळे २५६ रंग काळ्यापासून तपकिरी, तांबूस, शेंदरी, पिवळा आणि पांढऱ्यापर्यंतच्या वाटेवरच घेतले, तर भिंतीला पुरून उरतील.

पण पॅलेट करण्याआधी मूळ व्हिडिओ नीट करून घ्यावा लागतो, आणि लूपचा सांधाही तिथेच जुळवावा लागतो. एकदा चित्र क्रमांकांत बदललं की दोन फ्रेम एकमेकींत मिसळता येत नाहीत, कारण क्रमांक ४० आणि क्रमांक ९० यांची सरासरी ६५ हा भलताच रंग असू शकतो. म्हणून हा क्रम पाळायचा.

सांधा जुळवायची माझी रीत अशी. तीन सेकंदांचा लूप हवा असेल तर चार सेकंदांचा तुकडा घ्यायचा. त्याचा पहिला सेकंद कापून बाजूला ठेवायचा. उरलेल्या तीन सेकंदांतला शेवटचा सेकंद हळूहळू विरत न्यायचा आणि त्याच्या जागी बाजूला ठेवलेला पहिला सेकंद उमटू द्यायचा. त्यामुळे लूप संपतो तो पहिल्या सेकंदाच्या अखेरीस, आणि सुरू होतो तो त्याच्या लगेच पुढच्या क्षणापासून. मूळ व्हिडिओत त्या दोन फ्रेम शेजारी-शेजारीच होत्या, म्हणून सांधा दिसत नाही. चौकट हलली असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. विरताना भिंतीच्या कडा दुहेरी दिसतात.

```
ffmpeg -ss 2 -t 4 -i panati.mp4 -filter_complex \
"fps=20,scale=480:-2:flags=lanczos,hqdn3d,split[a][b];\
[a]trim=start=1,setpts=PTS-STARTPTS,fps=20[m];\
[b]trim=end=1,setpts=PTS-STARTPTS,fps=20[s];\
[m][s]xfade=transition=fade:duration=1:offset=2" \
-an -c:v ffv1 loop.mkv
```

विंडोजवर हे सगळं एकाच ओळीत, उलट्या तिरक्या रेघा काढून लिहावं. `-ss 2` म्हणजे व्हिडिओचे पहिले दोन सेकंद सोडून सुरुवात, `-t 4` म्हणजे चार सेकंद. `ffv1` मुळे मधली फाईल काहीही न गमावता साठते, नाहीतर इथेच पुन्हा नवे डाग पडतील.

`fps=20` हा आकडा मुद्दाम घेतलेला आहे. जिफमध्ये प्रत्येक फ्रेम किती वेळ दाखवायची ते सेकंदाच्या शंभराव्या भागांत आणि पूर्णांकातच लिहिता येतं. सेकंदाला २० फ्रेम म्हणजे प्रत्येकी बरोबर ५ भाग. २५ फ्रेम म्हणजे ४ भाग. पण फोनच्या ३० फ्रेम तशाच ठेवल्या तर प्रत्येकीला ३.३३ भाग येतात. मग कुठे ३, कुठे ४ अशी वाटणी होते आणि हालचाल किंचित अडखळते. आणखी वेग हवा म्हणून १ भाग लिहिला तर ब्राउझर तो मानतच नाहीत, सरळ १० भाग धरून लूप रेंगाळत चालवतात.

`hqdn3d` हा दाणा काढणारा फिल्टर आहे आणि अंधारातल्या चित्रणाला तो फार उपयोगी पडतो. फोन अंधारात चित्र घेतो तेव्हा भिंतीवर बारीक रवाळ दाणा थरथरत असतो. डोळ्याला तो जाणवत नाही, पण त्याच्यामुळे स्थिर भिंतसुद्धा दर फ्रेमला बदलते. जिफची फाईल लहान होते ती दोन कारणांनी. एक तर सारखे येणारे क्रमांकांचे गट ती एकदाच लिहून पुढे त्यांचा नुसता हवाला देते. दुसरं, मागच्या फ्रेमपेक्षा न बदललेले पिक्सेल तिला पारदर्शक सोडून देता येतात. दाणा थरथरत राहिला की दोन्ही सवलती जातात. आपल्या लूपमध्ये ४८० गुणिले २७० पिक्सेलच्या साधारण ६० फ्रेम आहेत, म्हणजे जवळजवळ ७८ लाख पिक्सेल. त्यातले किती नव्याने लिहावे लागतात यावर सगळं वजन ठरतं. मात्र हा फिल्टर जास्त जोराने लावला तर ज्योतीच्या मागे शेपूट राहतं. तसं दिसलं तर `hqdn3d=2` असा जोर कमी करायचा.

आता पॅलेट.

```
ffmpeg -i loop.mkv -vf palettegen=stats_mode=diff palette.png
```

`palettegen` आख्खा लूप बघून काढतो आणि त्यातल्या रंगांची मोजदाद करतो. मग सगळे रंग एका डब्यात आहेत अशी कल्पना करा. तो डबा मध्ये कापून दोन करतो, ज्या डब्यात रंगांची फारकत सगळ्यांत जास्त आहे तो पुन्हा कापतो, असं तक्ता भरेपर्यंत. शेवटी प्रत्येक डब्याचा सरासरी रंग तक्त्यात जातो. ही पद्धत पॉल हेकबर्ट यांनी १९८०च्या सुमारास मांडली आणि ती आजही उत्तम चालते. तक्त्यातली एक जागा पारदर्शकतेसाठी राखलेली असते, म्हणून प्रत्यक्ष रंग २५५.

तयार झालेली `palette.png` उघडून जरूर बघावी. हे बरेच जण करत नाहीत, आणि खरं निदान तिथेच होतं. ते १६ गुणिले १६ चौकटींचं चिमुकलं चित्र असतं, मोठं करून बघायचं. मी आधी `stats_mode=full` घेतलं होतं, म्हणजे प्रत्येक फ्रेममधला प्रत्येक पिक्सेल मोजायचा. तक्ता उघडला तर दोन-तृतीयांशाहून जास्त चौकटी काळपट आणि तपकिरी, आणि पिवळ्या-शेंदरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. साहजिकच होतं, कारण चौकटीचा बहुतेक भाग भिंतीने व्यापलेला होता. भिंत सुरेख आली आणि ज्योत पुन्हा कागदी झाली. `diff` केल्यावर मोजदाद फक्त मागच्या फ्रेमपेक्षा बदललेल्या पिक्सेलची होते. ज्योत तर सारखीच बदलते, पण तिच्याबरोबर भिंतीवरचा उजेडही हलतो, त्यामुळे दोघांनाही वाटा मिळाला. फक्त कोपऱ्यातल्या निश्चल काळोखाचे रंग कमी झाले, आणि तिथे ते कुणाला कळतही नाही.

हेच सगळीकडे चालेल असं मात्र नाही. स्थिर संध्याकाळच्या आकाशासमोरून एक पक्षी उडत चालला असेल तर `diff` ने पक्ष्याला रंग मिळतील आणि आकाशाला पट्टे पडतील. तिथे `full` च हवं. जिथे रंगांचा उतार आहे तिथे हालचाल आहे का, एवढं बघून ठरवावं.

दर फ्रेमला वेगळं पॅलेट देण्याचीही सोय आहे, आणि वाचायला ती मोहात पाडते: ६० फ्रेम, प्रत्येकीला २५६ ताजे रंग. पण प्रत्येक फ्रेमचा तक्ता थोडा वेगळा येतो. मग भिंतीचा तोच बिंदू एका फ्रेममध्ये किंचित तांबूस तर पुढच्या फ्रेममध्ये किंचित करडा होतो आणि आख्खी भिंत लुकलुकायला लागते. ज्या जिफमध्ये पूर्ण वेगळी दृश्यं एकामागून एक येतात तिथे हे कामाचं. एकाच दृश्याच्या लूपला एकच पॅलेट घ्यावं.

आता डिदरिंग. संस्कारभारतीची रांगोळी ज्यांनी काढली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. लालवर चिमटीतून पांढरी विरळ भुरभुरली की लांबून गुलाबी दिसतं. गुलाबी रंगाची पुडी लागत नाही. तक्त्यात ९६ आणि ११२ या दोन छटा आहेत आणि भिंतीला १०० हवी आहे, तर चारातले तीन पिक्सेल ९६चे आणि एक ११२चा ठेवला की डोळा त्याचे १०० करून घेतो. प्रश्न एवढाच, की तो एक पिक्सेल नेमका कुठे ठेवायचा. इथे दोन घराणी आहेत.

पहिलं घराणं उधारी पुढे ढकलणारं. पिक्सेलला १०० हवेत, जवळचा रंग ९६, तो ठेवला. चार कमी पडले. ते शेजाऱ्यांच्या खात्यावर चढवायचे. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुइस स्टाइनबर्ग यांच्या १९७६च्या पद्धतीत उधारीचे सोळा भाग करतात: सात उजव्या शेजाऱ्याला, पाच बरोबर खालच्याला, तीन डावीकडच्या खालच्याला आणि एक उजवीकडच्या खालच्याला. उधारी साचत साचत जिथे पुरेशी होते तिथे ११२ उमटतो. स्थिर चित्राला यासारखं दुसरं काही नाही. दाणे अगदी नैसर्गिक पडतात. `ffmpeg` स्वतःहून जी पद्धत लावतो, `sierra2_4a`, ती याच घराण्यातली आहे.

पण हलत्या चित्रात याच गुणाचा त्रास होतो. वरच्या कोपऱ्यात एका पिक्सेलची छटा एका अंकाने बदलली की त्याची उधारी बदलते, तिच्यामुळे शेजाऱ्याची बदलते, आणि ते लोण खाली-उजवीकडे पसरत जातं. ज्योत हलली वर, आणि खालच्या स्थिर कट्ट्यावरचे दाणे दर फ्रेमला नव्या जागी जाऊन बसले. पडद्यावर मुंग्या वळवळल्यासारखं दिसतं आणि फाईलही फुगते, कारण न बदललेला असा पिक्सेलच उरत नाही.

दुसरं घराणं ठशाचं. ब्राइस बायर यांनी १९७३ साली मांडलेलं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची रंगीत जाळी ज्यांच्या नावाने ओळखली जाते तेच हे बायर. यात ८ गुणिले ८ची एक कायम जाळी चित्रावर ठेवायची. जाळीचं प्रत्येक घर सांगतं की या जागी किती कमतरता असली तर वरचा रंग घ्यायचा. शेजारी काय चाललं आहे याच्याशी घराला देणंघेणं नाही. त्यामुळे भिंतीचा जो भाग बदलला नाही तिथले दाणे तसूभरही हलत नाहीत. किंमत अशी, की जवळून बघितलं तर चौकडीची बारीक वीण दिसते.

लूपसाठी मी बायरच्या बाजूचा आहे. स्थिर वीण डोळा दोन क्षणांत विसरतो. वळवळ मात्र लूप जितका वेळ फिरेल तितका वेळ खुपत राहते.

```
ffmpeg -i loop.mkv -i palette.png -lavfi \
paletteuse=dither=bayer:bayer_scale=3 -loop 0 panati.gif
```

`bayer_scale` ०पासून ५पर्यंत असतो. ०ला वीण सर्वांत ठळक पण पट्टे जवळजवळ नाहीत, ५ला वीण दिसेनाशी होते आणि पट्टे परत डोकावतात. पॅलेट चांगलं जमलं असेल तर शेजारच्या छटांमधलं अंतर आधीच कमी असतं, म्हणून जाळीला फार जोर लावावा लागत नाही. पणतीला ३ बरोबर बसला. २ला भिंतीवर गोधडीच्या टाक्यांसारखी वीण जाणवत होती, ४ला उजेडाच्या बाहेरच्या कडेला एक कडं उमटलं. `-loop 0` म्हणजे कायम फिरत राहा.

एखाद्या चित्रात सगळी चौकटच हलत असेल, लाटा किंवा पाऊस असेल, तर वळवळ हालचालीत लपून जाते आणि तिथे उधारीवालं घराणं बायरपेक्षा देखणं दिसतं. मधल्या स्थितीसाठी `paletteuse=dither=sierra2_4a:diff_mode=rectangle` वापरता येतं. त्यात बदललेल्या भागाभोवतीच्या आयतापुरतंच डिदरिंग नव्याने होतं. बदल एका कोपऱ्यात असेल तर फरक मोठा पडतो. पणतीचा उजेड मात्र भिंतभर हलतो, त्यामुळे आयत जवळजवळ चौकटीएवढाच होतो आणि फायदा उरत नाही.

एवढं करूनही डाग दिसले तर आधी `loop.mkv` पूर्ण पडद्यावर, उजेड वाढवून बघावी. तिथेच कडी दिसत असतील तर ती फोनच्या व्हिडिओतली आहेत. जागा वाचवताना फोन अंधाऱ्या भागात सगळ्यांत जास्त काटकसर करतो. पॅलेट आणि डिदरिंग ती पुसू शकत नाहीत, उलट इमानाने जपतात. पहिल्या आज्ञेत `hqdn3d` च्या पुढे `,gradfun` जोडलं तर अशी कडी बरीच विरघळतात. `loop.mkv` स्वच्छ आहे पण जिफमध्ये सपाट ठिगळं आहेत, तर चूक पॅलेटची. ठिगळं नाहीत पण स्थिर जागी खळबळ आहे, तर चूक डिदरिंगची.

आणि जिफ आहे त्याच आकारात दाखवावी. ४८० रुंदीची जिफ पानावर ६०० करून ताणली की बायरची बारीक वीण काही ठिकाणी दोन पिक्सेलची आणि काही ठिकाणी एकाची होते, आणि भिंतीवर चौकड्याच्या कापडासारखे मोठे पट्टे उमटतात. ६००च हवी असेल तर पहिल्या आज्ञेत `scale=600:-2` लिहून `loop.mkv` सकट सगळं परत करावं. तयार जिफला लहान-मोठं करू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली जिफ तिकडे व्हिडिओ होऊन जाते, आणि पुन्हा दाबताना पहिल्यांदा मरतात ते डिदरिंगचे दाणे. तिथे पाठवायची असेल तर जिफ करण्यात अर्थ नाही. `loop.mkv` चाच नेहमीच्या पद्धतीचा व्हिडिओ करून पाठवावा, भिंतीवरचा उजेड त्यात जास्त टिकतो.